अळणी का गोठतं आणि स्कर्व्हीत जुनी जखम का उघडते?

कोल्हापूरच्या पोराला पांढरा रस्सा समजावून सांगायची गरज नाही. पण त्यातली एक गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली असते आणि विचार मात्र फार थोड्यांनी केलेला असतो. मटण शिजवल्यावर निघालेलं अळणी पातेल्यात उरलं आणि रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं, की सकाळी ते पाण्यासारखं पातळ नसतं. थरथरणाऱ्या जेलीसारखं घट्ट झालेलं असतं. पायाचं सूप असेल तर चमचा उभा राहील इतकं. गॅसवर ठेवलं की पुन्हा पाणी, थंड केलं की पुन्हा जेली.

ही जेली म्हणजे जिलेटिन. बोकडाच्या हाडांत, कातडीत आणि स्नायुबंधांत जे कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं, ते तासभर उकळल्यावर उसवून पाण्यात उतरतं, त्याला आपण जिलेटिन म्हणतो. म्हणजे रेणू तोच, फक्त वीण सुटलेली. हे लक्षात ठेवा, कारण स्कर्व्ही या रोगाचं सगळं गणित याच एका वाक्यात आहे. क जीवनसत्त्व मिळालं नाही तर आपल्या पेशी जे कोलॅजेन तयार करतात, त्याची वीण उकळण्याची वाटसुद्धा बघत नाही. अंगाच्या ३७ अंशालाच ती सुटते.

तीन पदरी दोर

कोलॅजेन हे शरीरातलं सर्वांत जास्त असलेलं प्रथिन. हाड, कातडी, हिरड्या, दाताला जबड्यात धरून ठेवणारे धागे, रक्तवाहिन्यांच्या भिंती, जखमेचा व्रण, सगळीकडे भार पेलायचं काम त्याचंच. सिव्हिलवाल्यांच्या भाषेत हाड म्हणजे आर.सी.सी. धरलं, तर कॅल्शियमचं मीठ हे काँक्रीट आणि कोलॅजेन हा स्टील.

त्याचा एक रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ दिलेला दोर. प्रत्येक साखळीत साधारण १००० अमिनो आम्लं. दोराची लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी अवघी दीड नॅनोमीटर. साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन असतं. तेच का? कारण तीन साखळ्या एकमेकींना चिकटून वळताना मधोमध जागा इतकी थोडी उरते, की तिथे सर्वांत लहान अमिनो आम्लच बसू शकतं. उरलेल्या दोन जागांवर वारंवार प्रोलीन येतं. दोराची ही रचना उलगडण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी क्ष-किरणांच्या आधारे तीन पदरी पिळाचं मॉडेल मांडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. साखळीत बसवताना प्रोलीन साधंच असतं. साखळी पेशीच्या आत असतानाच त्यातल्या बऱ्याच प्रोलीनवर एक ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, म्हणजे OH गट, नंतर चढवला जातो. त्याला हायड्रॉक्सीप्रोलीन म्हणतात. एका साखळीत असे सुमारे १०० प्रोलीन असतात.

एका OH ने काय बिघडतं?

तुम्ही म्हणाल, हजारांत शंभर ठिकाणी एवढासा गट लागला काय नि न लागला काय! १९७० च्या दशकात हे प्रयोगशाळेत मोजलं गेलं. OH गट न लावलेल्या साखळ्या तयार करून त्यांचा पीळ किती तापमानाला सुटतो ते पाहिलं. उत्तर आलं सुमारे २४ अंश सेल्सिअस. OH गट लावलेल्या नेहमीच्या कोलॅजेनचा पीळ मात्र ४० अंशांच्या आसपास सुटतो. आपल्या शरीराचं तापमान ३७. म्हणजे हा गट आहे म्हणून दोर दोर राहतो. नसेल तर शरीरात तो दोर नाहीच, तीन सुट्या साखळ्या आहेत. दुसऱ्या शब्दांत, पातेल्यातलं गरम अळणी.

निसर्गातही याचा पुरावा मिळतो. थंड समुद्रात राहणाऱ्या कॉडसारख्या माशांच्या कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सीप्रोलीन कमी असतं आणि त्यांचा पीळ आपल्यापेक्षा कितीतरी कमी तापमानाला सुटतो. त्यांना चालतं, कारण त्यांचं अंगच थंड.

OH गट दोराला घट्ट कसा करतो यावर बरीच वर्षं समज असा होता की तो पाण्याच्या रेणूंच्या मदतीने साखळ्यांमध्ये पूल बांधतो. अमेरिकेत रोनाल्ड रेन्स यांच्या गटाने १९९८ मध्ये OH च्या जागी फ्लोरीन बसवून पाहिला. फ्लोरीन असले पूल जवळजवळ बांधत नाही. तरीही दोर कमकुवत न होता उलट जास्त स्थिर झाला! यावरून दिसलं की खरा परिणाम वेगळा आहे. प्रोलीन हे पाच अणूंचं एक कडं असतं. त्यावर इलेक्ट्रॉन ओढणारा गट योग्य बाजूला लागला, की ते कडं एका बाजूला वाकून बसतं. तो वाक पिळाला हवा तसाच असतो. म्हणजे साखळी वळायच्या आधीच वळणासाठी तयार होते. सळी जागेवर नेऊन वाकवण्यापेक्षा आधीच वाकवून आणली तर काम जसं सोपं, तसंच हे.

मग क जीवनसत्त्व नेमकं करतं काय?

इथे बहुतेकांची गल्लत होते. क जीवनसत्त्व कोलॅजेनचा कच्चा माल नाही. ते दोरात कुठेही बसत नाही. OH मधला ऑक्सिजनसुद्धा त्यातून येत नाही, तो आपण श्वासाने घेतलेल्या हवेतून येतो.

OH चढवण्याचं काम प्रोलील हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम करतं. त्याच्या पोटात लोखंडाचा एक अणू असतो, तो Fe²⁺ या अवस्थेत असावा लागतो. काम करताना ते ऑक्सिजनचा एक रेणू घेतं आणि सोबत अल्फा-कीटोग्लुटारेट नावाचं छोटं आम्ल घेतं. ऑक्सिजनचा एक अणू प्रोलीनवर चढतो, दुसरा त्या आम्लाकडे जातो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सक्सिनेट उरतं. फेरी नीट पूर्ण झाली तर लोखंड परत Fe²⁺ वर येतं आणि एन्झाइम पुढच्या प्रोलीनसाठी तयार.

म्हणजे अजून क जीवनसत्त्वाचा कुठे पत्ताच नाही! ते लागतं फेरी फसते तेव्हा. कधीकधी एन्झाइम ऑक्सिजन आणि ते आम्ल घेऊन बसतं, पण समोर प्रोलीन जागेवर नसतं. लोखंड पुढच्या अवस्थेत गेलेलं असतं, पण तो ऑक्सिजन द्यायला कुणी नसतं. मग लोखंड Fe³⁺ होऊन अडकतं, आणि एन्झाइम बंद. क जीवनसत्त्व त्याला इलेक्ट्रॉन देऊन परत Fe²⁺ वर आणतं. मशिन ट्रिप झालं की रिसेट दाबणारा माणूस असतो ना, तसं. तो माणूस माल तयार करत नाही, पण तो नसला तर थोड्याच वेळात लाइन उभी राहते. प्रयोगशाळेतही हेच दिसतं. क जीवनसत्त्वाशिवाय एन्झाइम सुरुवातीला नीट चालतं आणि मग लवकरच थंड पडतं.

क्रॉस-लिंकिंगचं श्रेय कुणाला?

पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं की क जीवनसत्त्व कोलॅजेनचं क्रॉस-लिंकिंग करतं. हे अर्धंच बरोबर आहे. वर सांगितलेला प्रोलीनचा OH गट एकाच दोराचे तीन पदर एकत्र ठेवतो. क्रॉस-लिंक म्हणजे शेजारशेजारच्या दोन दोरांमधला पक्का रासायनिक सांधा. तो प्रोलीनवर होत नाही, लायसीन या दुसऱ्या अमिनो आम्लावर होतो.

क्रम असा. पेशीच्या आत काही लायसीनवरही OH गट चढतो. ते एन्झाइम प्रोलीनवाल्याचं भावंडच, त्यालाही लोखंड आणि क जीवनसत्त्व लागतं. मग पीळ बसलेला दोर पेशीबाहेर पडतो, टोकं छाटली जातात आणि दोर एकमेकांशेजारी ठराविक अंतराने सरकून रचले जातात, विटांच्या बांधकामात सांधे सरकवतात तसे. यानंतर लायसील ऑक्सिडेज हे एन्झाइम टोकांजवळच्या लायसीनचं अल्डिहाइड करतं आणि ते शेजारच्या दोरातल्या लायसीनशी जोडलं जातं. या एन्झाइमला तांबं लागतं, क जीवनसत्त्व नाही. पण रचून ठेवलेले दोरच नसतील तर सांधे कुठे घालणार? शिवाय OH असलेल्या लायसीनचे सांधे जास्त टिकाऊ होतात. म्हणून क जीवनसत्त्वाचा क्रॉस-लिंकवर परिणाम होतो खरा, पण तो मागच्या दाराने.

सांध्यांनी किती फरक पडतो ते आपल्या पायातल्या चपलेत दिसतं. सुट्या दोराचा पीळ ४० अंशांना सुटतो, पण कच्चं कातडं, म्हणजे रचलेले आणि सांधलेले दोर, सुमारे ६० ते ६५ अंशांपर्यंत टिकतं आणि मग आकसतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात. त्यातली टॅनिनं दोरांमध्ये बाहेरून आणखी बंध घालतात आणि आकसायचं तापमान ७०-८० अंशांच्या घरात जातं. चांभार बाहेरून करतो ते काम शरीर आतून करतं. मात्र दोघांनाही आधी नीट वळलेला दोर लागतो. अळणीला हिरडा लावून चप्पल होत नाही.

बांधलेलं घर का पडतं?

आता खरा प्रश्न. नवं कोलॅजेन होत नाही, मान्य. पण आधी झालेलं कुठे गेलं? ते तर पक्कं सांधलेलं होतं.

१७४१ मध्ये इंग्रज आरमाराचा अधिकारी जॉर्ज ॲन्सन याची जहाजं केप हॉर्नला वळसा घालून जात होती. स्कर्व्हीने माणसं पटापट मरत होती. या सफरीच्या १७४८ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या सैनिकाची नोंद आहे. १६९० च्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. जखमा भरून ५० वर्षं झालेली. स्कर्व्ही झाल्यावर त्या जखमा पुन्हा उघडल्या, आणि त्याचं एक जुनं मोडून जुळलेलं हाड असं सुटलं जणू ते कधी जुळलंच नव्हतं.

याचं कारण म्हणजे शरीरातली बांधकामं एकदा बांधून संपत नाहीत. जुने धागे कापणारी एन्झाइमं सतत काम करत असतात आणि त्याच वेळी नवे धागे घातले जात असतात. कापणाऱ्यांना क जीवनसत्त्व लागत नाही. ते थांबलं की फक्त घालणारे थांबतात. पाडकाम चालू, बांधकाम बंद. मग जिथे उलाढाल जास्त तिथे आधी खिंडार पडतं. व्रण वरून कितीही जुना दिसला तरी त्यातली उलाढाल शेजारच्या कातडीपेक्षा जास्त असते, म्हणून तो आधी सुटतो.

लक्षणांची यादी याच नियमाने वाचा, पाठ करावी लागणार नाही. दाताला धरून ठेवणाऱ्या धाग्यांची उलाढाल शरीरात सर्वांत वेगवान गणली जाते, म्हणून हिरड्या सुजतात, जांभळ्या होतात आणि दात हलतात. केशवाहिन्यांचा आधार गेला की रक्त झिरपतं. ते पायांवर आधी दिसतं, कारण उभं राहिल्यावर तिथे रक्ताचा दाब जास्त. केसांच्या मुळाभोवती बारीक लाल ठिपके येतात आणि केस स्क्रूसारखे वळतात. वाढत्या मुलांत नवं हाड बनवण्याचं काम जोरात असतं, म्हणून त्यांची हाडं दुखतात आणि मूल पाय हलवू देत नाही. उलट मोठ्या माणसाच्या हाडाची आणि सामान्य कातडीची उलाढाल वर्षानुवर्षांची, म्हणून सांगाडा लगेच ढासळत नाही.

कुतचा वेढा आणि एक गणित

हे आपल्या माणसांवरही ओढवलं आहे. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा या गावी तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. आज बेळगावला ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तिच्या या पूर्वज. ताजी भाजी संपली. गोरे सैनिक घोड्याचं मांस खात होते, बहुतेक हिंदी सैनिकांनी ते धर्मामुळे नाकारलं. परिणाम असा झाला की हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरला, गोऱ्यांत तो बराच कमी राहिला. त्यांना मात्र मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या, पण बहुसंख्य सैनिक मांस खायला लागले ते एप्रिलमध्ये, फार उशिरा.

घोड्याच्या मांसात क जीवनसत्त्व आलं कुठून? घोडा, गाय, बकरी, कुत्रा, उंदीर हे सगळे ते स्वतःच्या शरीरात साखरेपासून बनवतात. माणूस, माकडं आणि गिनीपिग यांच्यात ते बनवणाऱ्या शेवटच्या एन्झाइमचा जीन मोडलेला आहे. म्हणून ताज्या मांसात ते थोडं असतं, आणि स्कर्व्ही टाळायला थोडंच पुरतं. १९४० च्या दशकात इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात दिवसाला १० मिलिग्रॅम पुरेसं ठरलं.

आता गणित करू. पोटभर फळं-भाज्या खाणाऱ्या माणसाच्या शरीरात साधारण १५०० मिलिग्रॅम साठा असतो. बाहेरून काहीच आलं नाही तर रोज उरलेल्या साठ्यातला सुमारे ३ टक्के खर्च होतो. आपल्याला ओळखीचाच घातांकी ऱ्हास:

M = 1500 e^(−0.03t)

साठा ३०० मिलिग्रॅमच्या आसपास आला की लक्षणं सुरू होतात. १५०० भागिले ३०० म्हणजे ५. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम १.६१. भागिले ०.०३, उत्तर ५४ दिवस. ७ डिसेंबरपासून मोजा, ३० जानेवारी येते. पण लढाई आणि माघार करून आलेल्या सैनिकाचा साठा आधीच ९०० वर आला असेल तर लॉगरिदम ३ चा, १.१०, आणि दिवस ३७. म्हणजे जानेवारीच्या मध्यावरच. वेढा तर जवळजवळ पाच महिने चालला.

गणिताला मर्यादा आहे, आणि ती जॉन क्रँडन या अमेरिकन सर्जनने १९३९-४० मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवली. त्याने सहा महिने क जीवनसत्त्व नसलेला आहार घेतला. ४१ दिवसांत रक्तातल्या प्लाझ्मामध्ये ते शून्य झालं. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम तरीही नीट भरली. केसांच्या मुळांशी बदल १३४ व्या दिवशी, रक्ताचे ठिपके १६१ व्या दिवशी. सहा महिन्यांनी केलेली दुसरी जखम मात्र कातडीखाली भरलीच नाही. शिरेतून रोज एक ग्रॅम क जीवनसत्त्व दिल्यावर ती दहा दिवसांत भरून आली. म्हणजे प्लाझ्मा रिकामा झाला तरी पेशींच्या आतला साठा बराच काळ पुरतो, आणि धडधाकट माणसाला आमच्या ५४ दिवसांपेक्षा खूप जास्त वेळ मिळू शकतो. उपाशी, जखमी, थकलेल्या सैनिकाला तो मिळत नाही.

दुसरी मर्यादा यंत्रणेचीच. गिनीपिगवरच्या प्रयोगांत दिसलं, की क जीवनसत्त्व बंद केल्यावर त्यांचं खाणं आणि वजन घटतं, आणि निव्वळ उपासमारीनेही कोलॅजेन बनणं मंदावतं. तेव्हा स्कर्व्हीतला सगळा बिघाड फक्त OH गटावर ढकलता येत नाही. स्कर्व्हीत सर्वांत आधी येणारा थकवा आणि उदासपणा तर कोलॅजेनने समजावता येतच नाही.

मिसळीतली मटकी

कुतमध्ये डाळी-कडधान्यं होती तेव्हाही एक उपाय हाताशी होता, पण तो तेव्हा सैन्याला माहीत नव्हता. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. भिजवून मोड आणले की बी ते स्वतः बनवायला लागतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि एलेन डेल्फ यांनी हे गिनीपिगवर दाखवून १९१९ मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या आज्या हे काम कापडात मटकी बांधून करतच होत्या. फक्त एक लक्षात ठेवा. मिसळीसाठी ती मटकी कटात शिजते, आणि क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं आणि पाण्यात उतरतं. मूठभर मोड कच्चे खाल्ले तर जास्त उपयोग. एका मध्यम पेरूत मात्र दिवसाची गरज सहज भागते. ती गरज आय.सी.एम.आर.ने २०२० मध्ये पुरुषांसाठी ८० आणि स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम धरली आहे.

शेवटी होस्टेलपुरतं. ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं म्हणजे स्कर्व्ही नव्हे. शंभरात बहुतेक वेळा ते दातांवर साठलेल्या किटणामुळे असतं, आणि त्याला डेंटिस्टच लागतो. संशय कधी घ्यायचा? महिनोन्महिने फळ नाही, कच्ची कोशिंबीर नाही, लिंबूसुद्धा नाही, नुसता चहा, पाव आणि भात चालू आहे, आणि त्यासोबत पिंढऱ्यांवर केसांच्या मुळाशी लाल ठिपके, न आपटता काळे-निळे डाग, चालताना पाय दुखणं अशी लक्षणं आहेत, तेव्हा. मग घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांना दाखवा आणि काय खात होतो ते खरं सांगा. स्कर्व्ही असेल तर हिरड्यांतला रक्तस्राव औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत थांबतो, आणि तोच निदानाचा सर्वांत चांगला पुरावा असतो.

पुढच्या रविवारी पांढरा रस्सा प्याल तेव्हा वाटीत लिंबू पिळा. वाटीतल्या कोलॅजेनची वीण सुटलीच आहे, ती लिंबाने परत बसणार नाही. पण आपल्या हिरड्यांत आज जो दोर वळला जातोय, त्याचं अडकलेलं लोखंड सोडवायला ते लिंबू कामाला येईल.